मुलाखतीआधी लिहून ठेवायचं उत्तर

पहिल्यांदाच कुणाला नोकरीवर घ्यायची जबाबदारी आली की आपण प्रश्नांची यादी करतो. चांगलं उत्तर कसं असेल, हे मात्र लिहून ठेवत नाही. मग समोरचा सफाईदार बोलला की गुण आपोआप वाढतात.

समजा, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला डिस्पॅच सुपरवायझर हवा आहे. एक प्रश्न असा: ‘माल वेळेत पोहोचणार नाही हे लक्षात आलं, असा एखादा प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत?’ गुणांची पट्टी आधीच ठरवायची. नुसता ट्रान्सपोर्टवाल्याला दोष दिला तर 1. ग्राहकाचा फोन आल्यावर धावपळ केली, तर 3. ग्राहकाला स्वतःहून आधी कळवलं आणि पर्यायी सोय केली, तर 5. मधल्या उत्तरांना 2 आणि 4.

पहिला उमेदवार छान बोलतो: ‘आम्ही टीमवर्कने परिस्थिती हाताळली.’ इथे विचारायचं, ‘त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ तो पुन्हा टीमकडेच वळतो. पट्टीवर 2. दुसरा अडखळत सांगतो: ट्रक घाटात बंद पडला, तेव्हा त्याने ग्राहकाच्या स्टोअरला फोन केला, कोणत्या भागावाचून त्यांची लाइन आधी थांबेल ते विचारलं आणि तेवढेच खोके टेम्पोने पुढे पाठवले. हे 5. पट्टी नसती तर पहिलाच निवडला गेला असता, असं मला ठामपणे वाटतं.

मुख्य प्रश्न सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने विचारायचे. गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच मांडायचे, शेवटी एकदम नाही. 1955च्या सुमारास इस्रायली सैन्यात तरुण मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी हेच केलं होतं: सहा गुणवैशिष्ट्यं एकेक करून तपासायची, एकाचे गुण दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. एका उत्तराची छाप पुढच्यावर पडू नये, हा हेतू.

‘मूळ गाव कुठलं?’, ‘लग्न कधी करणार?’ हे प्रश्न गप्पांच्या ओघात येतात. त्यातून जात आणि घरची परिस्थिती कळते, कामाचं काहीच कळत नाही. रात्रपाळीची अडचण जाणून घ्यायची असेल तर प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, सरळ विचारावं: ‘महिन्यातून दोन आठवडे रात्रपाळी असते, जमेल का?’

मुलाखत घेणारे दोघे असतील तर एकमेकांचे गुण न बघता आपापल्या कागदावर लिहावेत. साहेबांनी आधी मत दिलं की बाकीच्यांचे आकडे तिकडेच सरकतात. एकाने 2 आणि दुसऱ्याने 5 दिले, तर सरासरी काढून मोकळं होऊ नये. उमेदवाराचे शब्द टिपलेले असतील तर ते वाचावेत. बहुतेकदा एकाने काहीतरी ऐकलेलंच नसतं. आणि सगळ्यांनाच 3 पडत असतील, तर दोष उमेदवारांचा नसून पट्टीचा असतो. ती पुढच्या भरतीआधी नव्याने लिहावी.