एनपीव्ही उणे, तरी प्रोजेक्ट हवाय? मग ‘स्ट्रॅटेजिक’चा आकडा काढा

या भागात थोडं गणित आहे, आणि ऐकताना आकडे निसटतात, म्हणून बोललेलं सगळं इथे लिहूनही देतोय.

विषय असा. ऑफिसात कुणीतरी एक्सेल शीट उघडतं, प्रोजेक्टचा एनपीव्ही उणे येतो. खोलीत दोन सेकंद शांतता. मग टेबलाच्या मोठ्या टोकाकडून आवाज येतो, “हो, पण हा स्ट्रॅटेजिक आहे.” आणि चर्चा संपते. या शब्दाला उत्तर कसं द्यायचं तेच कुणाला सुचत नाही. खोटं बोललं जातंय असं नाही, बऱ्याचदा त्यात तथ्यही असतं. फक्त किती तथ्य आहे, हे कुणी विचारत नाही.

एनपीव्ही म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य. पुढच्या वर्षांत येणारे पैसे आजच्या किमतीत आणायचे, त्यातून आज घालायचे पैसे वजा करायचे. उत्तर उणे आलं, तर तोच पैसा तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी जास्त कमावेल, एवढाच त्याचा अर्थ. प्रोजेक्ट तोट्यात जाईलच असं नाही.

आता उदाहरण. कंपनी आणि आकडे मी बनवलेले आहेत, पण असं प्रकरण तुमच्या ओळखीतही सापडेल. पुण्यातली एक कंपनी इडली-डोशाचं तयार पीठ पाकिटात विकते. आता तिला नागपूरला जायचंय. हे पीठ फ्रिजमध्येसुद्धा थोडेच दिवस टिकतं, त्यामुळे सातशे किलोमीटरवरून रोज गाडी पाठवणं परवडत नाही. तिथेच प्लांट लागणार. छोट्या प्लांटचा खर्च २ कोटी. टॅक्स जाऊन दरवर्षी ४५ लाख हातात, पाच वर्षं. शेवटी मशिनरी विकून २० लाख. कंपनीला आपल्या पैशावर १४ टक्के परतावा हवा असतो. त्या दराने हे सगळे पैसे आजच्या किमतीत आणले की १ कोटी ६५ लाख होतात. घालायचे २ कोटी. म्हणजे एनपीव्ही उणे ३५ लाख.

मालक म्हणतात, “नागपूर हा दरवाजा आहे. तीन वर्षांत आपलं नाव झालं की तिथेच ६ कोटींचा मोठा प्लांट टाकू. अमरावती, रायपूर, जबलपूर, सगळं तिथूनच.”

इथे बहुतेक लोक त्या दरवाजाची किंमत काढायला बसतात आणि अडकतात, कारण तीन वर्षांनंतरच्या बाजाराचा अंदाज कोण करणार? मी प्रश्न उलटा करतो. दरवाजाची किंमत किती आहे ते राहू दे. ती *किमान किती असायला हवी*? याचं उत्तर आपल्या शीटवर आधीच आहे. खड्डा ३५ लाखांचा आहे, म्हणजे स्ट्रॅटेजिक फायदा आजच्या रुपयांत निदान ३५ लाखांचा हवा.

पण तो फायदा आज मिळत नाही, तीन वर्षांनी मिळतो. तोवर त्या ३५ लाखांवर १४ टक्के चढत राहतात, आणि तीन वर्षांनी ते ५२ लाख झालेले असतात. शिवाय फायदा नक्की नाही. नागपुरात पीठ चाललं तरच मोठा प्लांट. समजा, चालण्याची शक्यता ४० टक्के. मग ज्या वेळी चालेल, त्या वेळी फायदा ५२ लाखांचा असून भागणार नाही. ५२ ला ०.४० ने भागा, उत्तर १ कोटी ३० लाख. मोबाईलवर गुगल शीट्स उघडून हे टाका, उत्तर लाखांत येईल:

```
=35*(1+0.14)^3/0.40
```

म्हणजे नागपूर चाललं, तर मोठ्या प्लांटचा एनपीव्ही त्या दिवशी १ कोटी ३० लाख तरी हवा. ६ कोटी वसूल होऊन वर एवढे. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, म्हणून तो पाकिटांत आणू. मोठा प्लांट आठ वर्षं चालेल असं धरलं, तर ७ कोटी ३० लाख उभे करायला दरवर्षी साधारण १ कोटी ५७ लाख हातात यायला हवेत. सगळा खर्च आणि टॅक्स जाऊन पाकिटामागे ६ रुपये उरत असतील, तर रोजची ७,२०० पाकिटं झाली.

आता बोलायला काहीतरी हाती आलं. “स्ट्रॅटेजिक” या शब्दाशी कुणी वाद घालू शकत नाही, पण “रोज ७,२०० पाकिटं खपतील का?” यावर सेल्सचा माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. पुण्यात सात वर्षांनी आपण ९,००० वर आहोत, मग तिथे एवढं जमेल का? शक्यता ४० ऐवजी २५ टक्के धरली तर तोच आकडा ८,००० च्या आसपास जातो. मला हे सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण आशावाद नेमका कुठे लपलाय ते दिसतं.

एक बारकावा. मोठ्या प्लांटचा निर्णय नागपूरच्या धंद्यापेक्षाही जास्त डळमळीत असतो, म्हणून काही जण या टप्प्याला १४ ऐवजी १८ टक्के लावतात. मग ५२ लाखांचे साडेसत्तावन्न होतात. चित्र फार बदलत नाही, पण कंपनी कडक असेल तर तसंही करून बघा.

मुळात या दरवाजाला किंमत कशामुळे येते? समजा, नागपूर चाललं तर मोठ्या प्लांटमधून वर १ कोटी ३० लाख मिळतील. नाही चाललं, रोजची ४,४०० पाकिटंच खपली, तर तो प्लांट दीड कोटीचा खड्डा पाडेल. दोन्ही प्लांट बांधायचेच असं आजच ठरवून टाकलं तर सरासरी काय येते? ४० टक्के वेळा अधिक १३०, ६० टक्के वेळा उणे १५०. सरासरी उणे ३८ लाख. पण आधी छोटा प्लांट चालवून बघितला आणि वाईट बातमी आल्यावर मोठा बांधलाच नाही, तर वाईट बाजूला शून्य बसतं आणि सरासरी अधिक ५२ लाख होते. मोठा प्लांट तोच, शक्यता त्याच. फरक फक्त थांबता येण्याचा. शेअर बाजारातल्या ऑप्शनसारखंच हे, हक्क आहे पण सक्ती नाही. म्हणूनच एमआयटीचे प्राध्यापक स्ट्युअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये याला ‘रिअल ऑप्शन’ असं नाव दिलं.

गंमत अशी की ते ५२ लाख कागदावरच राहतात, जर थांबायच्या दिवशी कुणी थांबलं नाही. आणि थांबवत नाहीत लोक! तीन वर्षांनी नागपूरचा मॅनेजर म्हणणार, “आता कुठे जम बसतोय.” मालकांनी नातेवाइकांना सांगून ठेवलेलं असणार. तरीही बांधला, तर ५२ गेले आणि उणे ३८ पदरात. म्हणून पहिल्या २ कोटींवर सही करताना त्याच कागदावर लिहून घ्यायचं की अमुक महिन्यापर्यंत एकट्या नागपुरात रोजचा खप एवढा नसेल, तर मोठा प्लांट नाही. हे वाक्य लिहायला कुणी तयार नसेल, तर माझ्या मते त्या प्रोजेक्टची स्ट्रॅटेजिक किंमत शून्य धरावी आणि उणे ३५ लाखांवरच निर्णय घ्यावा.

पायरी छोटी असणं का महत्त्वाचं, ते एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानात दिसतं. डिसेंबर २००० मध्ये प्रकल्प सुरू झाला तेव्हाच विकासखर्चाचा अंदाज १० अब्ज डॉलरच्या वर होता. पैसा वसूल व्हायला किती विमानं विकावी लागतील, याचा कंपनीचा अंदाज २००६ मध्ये २७० वरून ४२० वर गेला. २०२१ च्या शेवटी शेवटचं विमान दिलं गेलं, तेव्हा एकूण आकडा होता २५१. स्ट्रॅटेजिक कारण होतं: सर्वात मोठ्या विमानांच्या बाजारात बोइंगचं ७४७ जवळपास एकटं होतं, ती मक्तेदारी मोडायची होती. पण तिथे नागपूरचा छोटा प्लांट नव्हता. बाजार आहे की नाही हे कळायच्या आधीच बहुतेक पैसा ओतावा लागला. जास्तीचे पैसे देऊन घ्यावी अशी ‘नंतर थांबायची’ सोय त्यात फारशी नव्हतीच.

परत पिठाकडे येऊ, कारण खरी मेख अजून राहिलीय. समजा, सेल्सच्या माणसाने सांगितलं, “चाललं तर रोज ७,६०० पाकिटं नक्की.” म्हणजे चांगल्या बाजूला १ कोटी ७० लाख. त्याचे ४० टक्के ६८ लाख. हवे होते ५२. पास! सगळे खूश, सही करायला पेन काढलं.

तेवढ्यात अकाउंट्समधली मुलगी विचारते, “नागपुरात कुणाकडून जॉबवर्कवर पीठ करून घेतलं तर?” म्हणजे प्लांट दुसऱ्याचा, पाकीट आपलं. त्याचाही एनपीव्ही उणेच, पण १२ लाखच. चव तितकी हातात राहत नाही, म्हणून चालण्याची शक्यता ४० ऐवजी ३० टक्के धरू. १७० चे ३० टक्के ५१ लाख. त्यातून १२ लाखांचे तीन वर्षांनी होणारे १८ लाख वजा केले की उरतात ३३. आणि स्वतःच्या प्लांटचे? ६८ वजा ५२, फक्त १६.

पास झालेला प्रोजेक्ट हरला. दरवाजा तोच, पण तो स्वस्तात उघडत होता. म्हणून ३५ लाखांच्या पूर्ण खड्ड्यापेक्षा या दोन वाटांमधला फरक बघावा लागतो. स्वतःच्या प्लांटला २३ लाख जास्त मोजतोय, तीन वर्षांनी ते ३४ लाख. १७० च्या हिशोबाने ३४ लाख म्हणजे वीस टक्के. तेव्हा स्वतःचा प्लांट यशाची शक्यता ३० वरून निदान ५० वर नेत असेल, तरच तो घ्यावा. नुसत्या ४० ने भागत नाही.

हाच हिशोब “आपण नाही गेलो तर दुसरा जाईल” या वाक्यालाही लागतो. दुसरा आल्यावर आपला पुण्यातला खप घटणार असेल, तर ती घट एनपीव्हीतच धरायला हवी, कारण ‘काहीच न करणं’ म्हणजे आजची विक्री तशीच राहणं नव्हे. मात्र एकदा शीटमध्ये धरली, की तीच भीती ‘स्ट्रॅटेजिक’ म्हणून वरून पुन्हा मोजायची नाही. असं दोनदा मोजणं फार चालतं, आणि शीट बनवणाऱ्यालाच ते पकडता येतं.

तुमच्या उदाहरणात वर्षं, दर आणि शक्यता वेगळ्या असतील. वरच्या सूत्रात ते तीन आकडे आणि ३५ च्या जागी तुमचा खड्डा टाका. येणारं उत्तर पाकिटं, ग्राहक किंवा रोजच्या ऑर्डर, जे तुमच्या धंद्यात मोजतात त्यात बदला, आणि मीटिंगमध्ये तेवढाच एक प्रश्न विचारा.