गैरहजर विद्यार्थी पास कसा होतो?

दहावीला शंभरपैकी 35 गुण मिळाले की विषय सुटतो. हाच नियम एक्सेलमध्ये सहज लिहिता येतो. B2 मध्ये गुण असतील, तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र:

```
=IF(B2>=35,"पास","नापास")
```

72 ला ‘पास’, 34 ला ‘नापास’, आणि अगदी 35 लाही ‘पास’. चिन्हातले ‘=’ गाळून नुसते > लिहिले, तर काठावरचा मुलगा नाहक नापास होतो.

खरी गडबड गैरहजर मुलांची. त्यांच्यापुढे AB लिहिलेले असते आणि हे सूत्र त्यांना चक्क ‘पास’ करते! कारण एक्सेल तुलना करताना कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानते. रिकामा चौकोन मात्र शून्य समजला जातो, म्हणजे गुण भरायचे राहिलेला मुलगा ‘नापास’. दोन्ही वेळा पडद्यावर चुकीची सूचना येत नाही, म्हणून ही चूक गुणपत्रकापर्यंत पोहोचू शकते.

म्हणून आधी गैरहजेरी विचारावी, मग आकडा आहे का ते, आणि शेवटी 35 ची अट:

```
=IF(B2="AB","गैरहजर",IF(ISNUMBER(B2),IF(B2>=35,"पास","नापास"),"तपासा"))
```

यात ab चालते, पण AB नंतर चुकून जागा सुटली असेल तर ‘तपासा’ येते. रिकामा चौकोन आणि मजकूर म्हणून साठवलेला 28 यांनाही तेच उत्तर मिळते. मला हा ‘तपासा’ फार मोलाचा वाटतो, कारण अशा नोंदींचा निकाल सूत्राने अंदाजाने लावू नये, शिक्षकाने मूळ उत्तरपत्रिका पाहून लावावा.