वेळापत्रकातले लाल चौकोन

शाळेच्या वेळापत्रकात तीन प्रकारची टक्कर होऊ शकते. एकाच तासाला एका तुकडीचे दोन विषय लागतात, एका शिक्षकाच्या नावावर दोन वर्ग लागतात किंवा एका खोलीत दोन तुकड्या जाऊन पोहोचतात. शिक्षक खोलीच्या भिंतीवर लावलेल्या मोठ्या तक्त्यात या चुका डोळ्यांनी हुडकाव्या लागतात, आणि बहुतेकदा त्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन वर्गांतली मुले एकाच सरांची वाट पाहत बसली की उघड होतात. संगणकावरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये मात्र तक्ता नीट आखला, तर टक्कर लिहिली जाताच ते चौकोन आपोआप रंगतात. त्यासाठी विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. एक सूत्र पुरते, पण ते कोणत्या आखणीवर बसवले आहे यावर सगळे अवलंबून असते.

आखणी अशी असावी की एक ओळ म्हणजे एक तास आणि एक स्तंभ म्हणजे एक तुकडी. उदाहरणादाखल आठवी ते दहावीच्या सहा तुकड्यांची एक शाळा घेता येईल. सोमवार ते शुक्रवार रोज आठ तास आणि शनिवारी पाच, म्हणजे आठवड्याचे ४५ तास होतात. पहिल्या ओळीत शीर्षके, A स्तंभात वार, B मध्ये तासाचा क्रमांक आणि C पासून H पर्यंत ८अ, ८ब, ९अ, ९ब, १०अ, १०ब. वेळापत्रक दुसऱ्या ओळीपासून ४६व्या ओळीपर्यंत जाते. प्रत्येक चौकोनात विषय न लिहिता शिक्षकाच्या नावाचे लघुरूप लिहायचे: कुल, जोश, देश, शिंद. विषय हवा असेल तर तो शेजारच्या वेगळ्या तक्त्यात ठेवावा. ‘गणित-कुल-प्रयोगशाळा’ असे सगळे एकाच चौकोनात कोंबले की संगणकाला त्यातले नाव वेगळे काढता येत नाही आणि पुढचे सगळे अडते.

या आखणीमुळे पहिल्या प्रकारची टक्कर सूत्र लिहिण्याआधीच संपते. सोमवारी तिसऱ्या तासाला ८अ साठी एकच चौकोन आहे, त्यात दोन शिक्षक मावतच नाहीत. शिक्षकाची टक्करही सोपी होऊन बसते: एकाच ओळीत तेच लघुरूप दोनदा आले की टक्कर. शिक्षकवार तक्ता केला, म्हणजे स्तंभात शिक्षक आणि चौकोनात तुकडी, तर उलटे होते. शिक्षकाची टक्कर अशक्य होते आणि तुकडीची शोधावी लागते. शाळेत मुले वर्गाबाहेर दिसण्यापेक्षा सर दोन ठिकाणी लागणे जास्त वेळा घडते, तरी तुकडीवार आखणीच सोयीची, कारण भरताना कोणत्या वर्गाचा तास रिकामा राहिला ते लगेच दिसते.

आता C2 ते H46 हा भाग निवडून एक्सेलमध्ये `Conditional Formatting` खाली `New Rule` आणि त्यात `Use a formula to determine which cells to format` निवडायचे. गूगल शीट्समध्ये हेच `Custom formula is` या नावाने मिळते. सूत्र असे:

```
=AND(C2<>"",COUNTIF($C2:$H2,C2)>1)
```

COUNTIF या ओळीतल्या सहा चौकोनांत C2 मधले लघुरूप किती वेळा आले ते मोजते. एकापेक्षा जास्त वेळा आले असेल आणि चौकोन रिकामा नसेल, तर निवडलेला रंग भरला जातो, समजा लाल. सूत्र पहिल्या चौकोनासाठी लिहिले असले तरी संगणक ते उरलेल्या प्रत्येक चौकोनाला सरकवून लावतो, आणि इथेच डॉलरचे चिन्ह महत्त्वाचे ठरते. $C2 मध्ये स्तंभ बांधलेला आहे, ओळ मोकळी आहे. डॉलर विसरला तर F स्तंभापर्यंत येताना मोजणीची कक्षाही F ते K अशी सरकते, डावीकडचे चौकोन मोजणीतून सुटतात, आणि टक्कर झालेल्या दोघांपैकी डावीकडचा एकच लाल होतो. उलट $C$2:$H$2 असे ओळीसकट बांधले, तर आठवड्यातला प्रत्येक तास सोमवारच्या पहिल्या तासाशी ताडला जातो आणि त्या तासात टक्कर नसेल, तर बाकीच्या तासांतली एकही टक्कर लाल होत नाही. म्हणून सूत्र लावल्यावर मुद्दाम एक टक्कर लिहून पाहावी. दोन्ही चौकोन रंगले आणि बाकी काहीच रंगले नाही, तरच सूत्र बरोबर आहे.

खोल्यांसाठी त्याच पानावर J ते O या स्तंभांत तुकड्यांच्या त्याच क्रमाने दुसरा तक्ता आखायचा आणि त्याला वेगळा रंग, उदाहरणार्थ नारिंगी, द्यायचा. प्रत्येक तुकडीला स्वतःचा वर्ग असतो, त्यामुळे प्रत्येक चौकोन भरण्याची गरज नाही. तुकडी आपला वर्ग सोडून प्रयोगशाळेत, संगणक कक्षात किंवा दृकश्राव्य कक्षात जाणार असेल तेव्हाच नाव लिहायचे. सूत्रात C च्या जागी J आणि H च्या जागी O आले की काम झाले.

आता समजा सोमवारी तिसऱ्या तासाची, म्हणजे चौथी ओळ अशी भरली गेली: ८अ कुल, ८ब शिंद, ९अ जोश, ९ब देश, १०अ कुल, १०ब कद. गणिताचे कुलकर्णी सर दोन ठिकाणी लागले, C4 आणि G4 लाल झाले. त्याच दिवशी पाचव्या तासाची, म्हणजे सहावी ओळ अशी आहे: देश, कद, पाटी, चित्र, जोश, शिंद. कुलकर्णी सर तेव्हा मोकळे आहेत. तेव्हा १०अ चा तिसरा आणि पाचवा तास आपसांत बदलायचा. गणित पाचव्या तासाला गेले, कुलकर्णींचा लाल रंग गेला, पण मराठीच्या जोशी मॅडम तिसऱ्या तासाला ९अ आणि १०अ या दोन्हीकडे लागल्या. लाल रंग E4 आणि G4 वर सरकला. मग ९अ चेही तेच दोन तास आपसांत बदलायचे. जोशी मॅडम ९अ वर पाचव्या तासाला जातात, भूगोलाचे पाटील सर तिसऱ्याला येतात. आता चौथी ओळ कुल, शिंद, पाटी, देश, जोश, कद आणि सहावी ओळ देश, कद, जोश, चित्र, कुल, शिंद. दोन्हींत एकही नाव दोनदा नाही.

वेळापत्रक लावणाऱ्याला असे लाल ठिपके पुढे पुढे पळताना पाहून आपण गोल गोल फिरतो आहोत असे वाटते, पण तसे नसते. प्रत्येक अदलाबदलीत पुढची अडचण पाचव्या तासाला शिकवणाऱ्याच शिक्षकाकडे जाते, आणि कुलकर्णी सरांना मूळ तक्त्यात पाचवा तासच नव्हता. त्यामुळे साखळी त्यांच्याकडे परत येऊ शकत नाही. दोन्ही ओळींत दुसरी टक्कर नसेल, तर ती कुठेतरी संपतेच. हंगेरीचे गणितज्ञ देनेश केनिग यांनी १९१६ साली सिद्ध केलेल्या प्रमेयाचा वेळापत्रकापुरता अर्थ असाच निघतो: कोणत्याही शिक्षकाकडे किंवा तुकडीकडे ४५ पेक्षा जास्त तास नसतील, तर ४५ तासांत टक्कर नसलेले वेळापत्रक नक्की बसते.

मात्र या हिशेबात खोल्या नाहीत. वरच्या उदाहरणात ९अ चा भूगोल दृकश्राव्य कक्षात होणार असेल, तर दोन्ही तक्त्यांत अदलाबदल केल्यावर तिसऱ्या तासाला तिथे आधीच बसलेल्या १०ब च्या इंग्रजीशी तो भिडतो आणि L4 व O4 नारिंगी होतात. दोघांपैकी एकाने आपल्या वर्गात तास घेणे एवढाच साधा उपाय असतो. प्रयोगशाळेबाबत तशी सूट नसते, म्हणून प्रात्यक्षिकांचे तास सर्वांत आधी भरून ठेवावेत आणि नंतर हलवू नयेत. दोन शाळांत शिकवणारे किंवा ठरावीक दिवशीच येणारे शिक्षक असले की केनिगचा भरवसा उरत नाही. शिक्षकांच्या उपलब्धतेवर अशी बंधने आली की हा प्रश्न गणिताच्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात जातो, हे इव्हन, इटाई आणि शामिर या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले.

रंग दिसला तर टक्कर आहे हे खरे, पण रंग दिसला नाही म्हणजे टक्कर नाही असे म्हणता येत नाही. COUNTIF अक्षरे जुळवते, माणसे ओळखत नाही. ‘शिंद’च्या शेवटी एक मोकळी जागा राहिली की संगणकासाठी तो वेगळा शिक्षक होतो. देवनागरीत हा धोका जास्त आहे, कारण ‘शिंद’ आणि ‘शिन्द’ वाचायला एकच असले तरी टंकनात वेगळे आहेत, आणि जोडाक्षरांत कधी कधी न दिसणारे चिन्हही शिरलेले असते. उलट शाळेत दोन पाटील असतील आणि दोघांनाही ‘पाटी’ लिहिले, तर नसलेली टक्कर लाल होते. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे लघुरूपे टंकायचीच नाहीत. `Data Validation` वापरून प्रत्येक चौकोनात शिक्षकांची यादी उघडावी आणि त्यातूनच नाव निवडावे.

दुसरा सापळा जोडतासाचा. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला लागोपाठ दोन तास लागतात म्हणून अनेक जण वरखालचे दोन चौकोन एकत्र करतात. दिसायला ते छान दिसते, पण नाव फक्त वरच्या चौकोनात राहते. संगणकाच्या दृष्टीने दुसरा तास रिकामा असतो आणि त्या तासाची टक्कर कधीच रंगत नाही. नाव दोन्ही ओळींत लिहावे. चौकोन कापून दुसरीकडे चिकटवणेही टाळावे, कारण त्याबरोबर रंगाचा नियमही हलतो आणि त्याची कक्षा तुकड्यातुकड्यांत फाटते. फक्त मजकूर बदलावा.

या दोन्ही चुका पकडायला एक ताळा पुरतो. शिक्षकांची यादी Q स्तंभात ठेवून शेजारी पूर्ण तक्त्यातले त्यांचे तास मोजायचे:

```
=COUNTIF($C$2:$H$46,Q2)
```

हा आकडा कार्यभार वाटपाच्या तक्त्याशी जुळला पाहिजे. देशपांडे मॅडमना २८ तास दिले आहेत आणि मोजणी २७ दाखवते, तर एक तास चुकीच्या लिखाणात किंवा एकत्र केलेल्या चौकोनात हरवला आहे.

काही पुनरावृत्ती मात्र मुद्दाम केलेली असते. ८अ आणि ८ब ची शारीरिक शिक्षणाची तासिका एकाच शिक्षकाबरोबर मैदानावर होते, तेव्हा नाव दोन्हीकडे असते आणि दोन्ही चौकोन लाल होतात. काही जण अशा वेळी नावापुढे खूण जोडतात. लाल रंग जातो खरा, पण खूण असलेले नाव आता वेगळा शिक्षक ठरल्यामुळे त्याच तासाला तेच सर ९ब वरही लागले तर तेही दिसत नाही. त्यापेक्षा नाव ८अ मध्येच लिहून ८ब मध्ये ‘८अ सोबत’ असे लिहावे. मैदानावर दोन तुकड्या मावत असतील, तर मैदानाच्या मोजणीत मर्यादा एकऐवजी दोन ठेवता येते. याच्या उलट प्रकार नववी-दहावीत होतो. एकाच तासाला तुकडीतली काही मुले हिंदीला आणि काही संस्कृतला जातात, तेव्हा एका चौकोनात दोन शिक्षक लागतात. अशा तुकडीसाठी ‘९अ-२’ असा जादा स्तंभ टाकायचा, एरवी तो रिकामा ठेवायचा आणि दोन्ही सूत्रांतली कक्षा या नव्या स्तंभापर्यंत वाढली आहे ना ते पाहायचे. शेवटच्या स्तंभाच्या उजवीकडे टाकलेला स्तंभ सूत्र आपणहून मोजणीत घेत नाही.