हिशेब बरोबर, तरी पीसी बंद

गेम ऐन रंगात आलेला असतो आणि पडदा काळा होतो. पंखे थांबतात, बटण दाबूनही पीसी चालू होत नाही. पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावला, की मात्र काहीच न घडल्यासारखा सुरू होतो.

२०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० कार्डचे उदाहरण घेऊ. खोक्यावरचा आकडा ३२० वॉट. प्रोसेसरला १३० आणि बाकी सगळ्याला ५० धरले, तर बेरीज होते ५००. पॉवर सप्लाय ६५० वॉटचा असेल, तर हिशेब चोख वाटतो.

पण ३२० ही सरासरी आहे. गेममधले दृश्य बदलते तेव्हा कार्डातली अब्जावधी ट्रान्झिस्टर एकदम कामाला लागतात. कार्डावरचे कपॅसिटर हा धक्का थोडा झेलतात, उरलेला १२ व्होल्टच्या तारांवर येतो. एका मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी कार्ड दुप्पट, म्हणजे ६४० वॉट ओढू शकते. तेव्हा एकूण बेरीज जाते ८२० वर. पॉवर सप्लायची सुरक्षा यंत्रणा ७८० वॉटला तोडायची ठरवलेली असेल आणि ती फार चपळ असेल, तर तिला हा शॉर्ट सर्किटसारखा धोका वाटतो आणि ती पुरवठा तोडते. घरातली एमसीबी पडते तसेच हे. म्हणून तर स्विच बंद-चालू करावा लागतो.

भिंतीच्या सॉकेटला लावलेल्या मीटरवर हा झटका दिसत नाही, कारण मीटर सरासरी दाखवतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये Kernel-Power 41 अशी नोंद मिळते, पण ती फक्त पीसी अचानक बंद पडल्याचे सांगते, कारण नव्हे. ड्रायव्हर कोसळला असेल तर पंखे सहसा फिरत राहतात. सगळेच एका क्षणात गप्प झाले आणि बटणही ऐकेना, तर संशय पॉवर सप्लायवर घ्यावा.

खात्री करायला कार्डाची मर्यादा तात्पुरती खाली आणता येते. एनव्हिडिया कार्डासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत हे लिहावे:

```
nvidia-smi -pl 260
```

मर्यादा कमी केली, की झटकेही सहसा लहान होतात. पीसी आता बंद पडत नसेल, तर दोषी बहुधा सापडला. कार्डाला दोन जोडण्या असतील, तर एकाच दुतोंडी केबलऐवजी दोन स्वतंत्र केबल लावाव्यात.

इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० मानक आणले ते याच दुखण्यावर. त्यानुसार नव्या १६ पिनांची जोडणी असलेल्या, ४५० वॉटवरील पॉवर सप्लायने नोंदवलेल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद झेलायला हवा. तेव्हा नवा पॉवर सप्लाय घेताना नुसते वॉट मोजू नका, खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिले आहे का तेही बघा.