हापूसच्या सालीत किती औषध चालतं?

ताटाआधीची गोष्ट : भाग ६

गेल्या भागात रत्नागिरीतल्या कलमांवर पालवीपासून काढणीपर्यंत काय काय फवारलं जातं ते पाहिलं. तुडतुड्यासाठी, भुरीसाठी, करप्यासाठी आणि अलीकडे फुलकिड्यांसाठी. त्या औषधांपैकी थोडं फळावर उरतंच. आता समजा, पेटीतल्या आंब्याच्या तपासणी अहवालात ‘इमिडाक्लोप्रीड ०.१५ मिलिग्रॅम प्रतिकिलो’ असं आलं. हा आंबा घरातल्या लहान मुलाला द्यायचा की नाही? त्यासाठी हा आकडा कशाशी ताडून बघायचा ते आधी ठरवावं लागतं. ताडायला दोन आकडे आहेत. त्यांतला एक बागेत ठरतो, दुसरा प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून. बातम्यांमध्ये या दोघांची सर्रास सरमिसळ होते.

बागेतला आकडा म्हणजे कमाल अवशेष मर्यादा, निर्यातदारांच्या बोलण्यातला ‘एमआरएल’. तो ठरवताना वेगवेगळ्या ठिकाणच्या बागांत चाचण्या घेतात. लेबलवर लिहिलेली जास्तीत जास्त मात्रा, जास्तीत जास्त वेळा, आणि शेवटच्या फवारणीनंतर लेबलवर दिलेली किमान वाट, एवढं तंतोतंत पाळून फळं काढतात आणि त्यांत किती अंश उरला ते मोजतात. एका बागेत ०.०४ निघतो, दुसरीकडे ०.०७, तिसरीकडे ०.११. या सगळ्यांच्या वर थोडी मोकळीक ठेवून एक आकडा मुक्रर करतात. इमिडाक्लोप्रीडसाठी आंब्यावर कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने ठरवलेला आकडा आहे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे लेबलप्रमाणे फवारलं असेल, तर अंश सहसा ०.२ च्या वर जाऊ नये. गेला, तर बागेत काहीतरी चुकलं असं समजायचं. हा आकडा मुळात बागायतदाराची शिस्त तपासण्यासाठी आहे.

दुसरा आकडा आरोग्याचा. इमिडाक्लोप्रीड दोन वर्षं उंदरांना खाऊ घातलं, तेव्हा शरीराच्या किलोमागे रोज ५.७ मिलिग्रॅमपर्यंत त्यांच्यावर काही दुष्परिणाम दिसला नाही. त्याला शंभराने भागलं. दहाचा एक भाग माणूस उंदरापेक्षा नाजूक असेल म्हणून, आणि दहाचा दुसरा भाग माणसामाणसांत फरक असतो म्हणून. उत्तर आलं साधारण ०.०६. आयुष्यभर रोज, शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे एवढं पोटात गेलं तरी चालेल असं मानलं जातं. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये हा आकडा ठरवला.

आता दोन्ही आकडे एकत्र आणू. पंधरा किलो वजनाच्या मुलाला दिवसाला ०.९ मिलिग्रॅम चालतं. आंबा अगदी कायद्याच्या काठावरचा, ०.२ चा धरला, तर तेवढं औषध पोटात जायला साडेचार किलो आंबा लागेल. अडीचशे ग्रॅमचं एक फळ धरलं तर अठरा हापूस, आणि तेही वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. मे महिन्यात आजोळी आलेलं पोर एखाद्या दिवशी तिथवर पोचेलही, पण मग त्याचं पोट वेगळ्या कारणाने बिघडेल. दुसरं असं, की प्रयोगशाळेत कोय काढून बाकीचं फळ सालीसकट वाटतात, आणि आपण साल टाकून देतो. अर्थात मुलाच्या ताटात भेंडी आणि द्राक्षंही असतात, आणि हेच औषध त्यांच्यावरही मारलं जातं. म्हणून खरा हिशेब सगळ्या आहाराची बेरीज करून मांडतात. तो मांडला तरी आपल्या प्रश्नातला ०.१५ चा आंबा मुलाला द्यायला हरकत नाही.

हे दोन आकडे एकमेकांपासून किती लांब असू शकतात, ते महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी २०१० मध्ये अनुभवलं. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. हे वेलीची वाढ रोखणारं संजीवक, बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’. युरोपची द्राक्षांसाठीची मर्यादा होती ०.०५. माल अडकला, भाव कोसळले. पण त्याच युरोपात त्याच काळात गव्हासाठी याच रसायनाची मर्यादा होती २ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट. पोट एकच, मग असं का? तिकडे गव्हाचं काड आडवं होऊ नये म्हणून हे रसायन मारायला परवानगी होती, त्यामुळे गव्हावर चाचण्या झाल्या आणि त्यांतून आकडा निघाला. खाण्याच्या द्राक्षांवर परवानगी नव्हती, म्हणून मर्यादा यंत्राला खात्रीने मोजता येईल तिथे आणून ठेवली. ज्या औषध-पिकाच्या जोडीसाठी चाचणीच झालेली नाही, तिथे बहुतेक वेळा ०.०१ हा सरसकट आकडा लागतो. युरोपात तसंच, आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमातही साधारण तसंच. ‘मर्यादेच्या पाचपट विष’ अशी बातमी आली की मी आधी मूळ मर्यादा ०.०१ आहे का ते बघतो. जाता जाता, २०१४ च्या मे महिन्यात युरोपने हापूस बंद केला तो फळमाशीमुळे. औषधाच्या अंशाशी त्याचा संबंध नव्हता.

मग रत्नागिरीत मर्यादा नेमकी कुठे मोडते? माझ्या मते हव्यासापेक्षा जास्त वेळा ती मोडते पुनर्मोहोरामुळे. डिसेंबरात आलेल्या मोहोराची फळं सुपारीएवढी, अंड्याएवढी होतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत थंडी पुन्हा वाढली की त्याच काड्यांवर नवा मोहोर फुटतो. आधीची फळं गळतात ते नुकसान वेगळंच. जी टिकतात ती आणि नवा मोहोर एकाच कलमावर असतात. फेब्रुवारीच्या अखेरीला नव्या मोहोरावर तुडतुडा दिसतो. इमिडाक्लोप्रीड मारलं, तर आंब्यावर त्याच्या लेबलप्रमाणे पंचेचाळीस दिवस थांबायला हवं, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत. पण पहिल्या मोहोराचा आंबा मार्चअखेर तयार होतो, आणि वर्षातला चांगला भाव त्यालाच असतो. बागायतदार थांबला तर फळ झाडावर पिकून पडतं, आणि फवारलं नाही तर पुढचा मोहोर हातचा जातो. अशा वेळी तीस-बत्तीस दिवसांतच काढणी होते. पहिल्या मोहोराच्या कलमांना खूण करून ती त्या फवारणीतून वगळायची, किंवा तिथे कमी प्रतीक्षेचं औषध वापरायचं, हा उपाय कागदावर सोपा आहे. डोंगरउतारावरच्या पाचशे कलमांत, पाइप ओढत फिरणाऱ्या गड्यांकडून तो पाळून घेणं अवघड जातं.

घाईने काढलेला असा आंबा लगेच धोकादायक होतो असं नाही, ते वरच्या हिशेबावरून कळतंच. पण औषध कोणतं यावर बरंच अवलंबून आहे, आणि इथे आरोग्याच्या पुराव्याकडे वळायला हवं.

अन्नातल्या कीटकनाशकाने माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन सांडलेल्या धान्यातून शंभराहून अधिक माणसं मेली, आणि त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. पण तो वाहतुकीतला अपघात होता. फवारणीनंतर फळावर राहिलेल्या अंशाची ती गोष्ट नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेही श्वासातून आणि कातडीतून गेलेल्या औषधाने. अंशाबद्दलचा पुरावा याहून बराच पातळ आहे.

अंश शरीरात पोचतो यात मात्र शंका नाही. अमेरिकेत सिएटलला २३ मुलांना पाच दिवस सेंद्रिय अन्न दिलं, तर लघवीतल्या मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉसच्या खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या. नेहमीचं जेवण सुरू होताच त्या परतल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास साधा आणि पक्का आहे. पण शरीरात पोचणं आणि अपाय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्समधल्या सुमारे ६९ हजार लोकांच्या २०१८ च्या अभ्यासात सेंद्रिय अन्न जास्त खाणाऱ्यांत कर्करोग पंचवीस टक्के कमी दिसला. त्याआधी, २०१४ मध्ये, ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांत एकूण कर्करोगात असा फरक दिसला नव्हता. सेंद्रिय घेणारी माणसं सहसा जास्त शिकलेली, जास्त कमावती आणि कमी धूम्रपान करणारी असतात. हे सगळं गणिताने वजा करता येतं, पण पूर्ण नाही. शिवाय या लोकांच्या ताटातला अंश कोणी मोजला नव्हता. ‘सेंद्रिय किती वेळा खाता’ एवढंच विचारलं होतं.

मला जास्त विचार करायला लावते ती क्लोरपायरीफॉसची हकीकत. संयुक्त समितीने त्याचा रोजचा आकडा ०.०१ ठरवला होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये तो ०.००१ वर आणला. २०१९ मध्ये तिने सांगितलं, की सुरक्षित म्हणावा असा आकडाच देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये गरोदरपणी घरातल्या झुरळांच्या औषधातून ज्या आयांच्या शरीरात ते जास्त गेलं, त्यांच्या मुलांची बुद्धिमापनातली कामगिरी वयाच्या सातव्या वर्षी थोडी कमी आढळली होती. उत्पादकाने स्वतः करवून घेतलेल्या उंदरांवरच्या अभ्यासाची आकडेवारी स्वतंत्र संशोधकांनी पुन्हा तपासली, तेव्हा पिलांच्या लहान मेंदूवर कमी मात्रेतही परिणाम दिसला. २०२० च्या नोव्हेंबरात युरोपने सगळ्या पिकांवर त्याची मर्यादा ०.०१ केली. आपल्याकडे हे औषध अजून दुकानात मिळतं.

म्हणजे आदल्या दिवसापर्यंत कायदेशीर असलेली काही फळं त्या दिवशी युरोपात बेकायदेशीर ठरली. फळांत काही बदल झाला नव्हता. भागाकाराच्या वर बसलेला उंदरांचा आकडा बदलला होता. शंभराने भागण्याची पद्धत तेवढीच भक्कम असते, जेवढं आपण त्या उंदरांमध्ये शोधलं. मेंदूची वाढ तपासलीच नाही, तर ती सुरक्षित आहे असं कागदावर दिसतं. हीच अडचण मिश्रणाची आहे. एकाच आंब्यात चार औषधं, प्रत्येक आपापल्या मर्यादेच्या आत, असा अहवाल पूर्ण कायदेशीर असतो. एकाच पद्धतीने मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या औषधांची बेरीज करायला युरोपने आणि अमेरिकेने सुरुवात केली आहे. आपल्या मर्यादा मात्र औषधागणिक सुट्या आहेत.

घरी काय करायचं, असं विचाराल तर साल चोखू नका, आणि फळ धुऊन घ्या. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी औषधं सालीच्या मेणात अडकतात, ती सालीबरोबर बरीचशी जातात. इमिडाक्लोप्रीडसारखं आंतरप्रवाही औषध गरातही उतरतं, ते धुऊन जात नाही. गरोदर बाईने आंबा सोडावा असं यातल्या कुठल्याच अभ्यासातून निघत नाही. बॉस्टनमध्ये गर्भधारणेसाठी उपचार घेणाऱ्या ३२५ स्त्रियांच्या अभ्यासात जास्त अंशाची फळं-भाज्या खाणाऱ्यांत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण कमी दिसलं खरं, पण तिथेही अंश प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. सरकारी सरासरीवरून तो अंदाजला होता.

या सगळ्यात ज्याच्या शरीरात सगळ्यात जास्त औषध जातं, त्याच्यासाठी कुठलीच एमआरएल नाही. वीस फूट उंच कलमाखाली उभं राहून वर फवारा मारणारा गडी, आमच्याकडे बहुतेक वेळा नेपाळहून हंगामापुरता आलेला. वरून परतणारे थेंब त्याच्या तोंडावर पडतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात मास्क कोणी पाच मिनिटंही ठेवत नाही. त्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं तर काय कळतं, ते पुढच्या भागात.