एका उकडीच्या मोदकात किती कॅलरी?

पातेल्यात जे जे पडलं, त्याची बेरीज करायची आणि मोदकांच्या संख्येने भागायचं, एवढंच हे गणित. मात्र जिन्नस वाटीने न मोजता वजनाने मोजा. खोबरं दाबून भरलं की सैल, यावर वाटीतलं वजन बरंच बदलतं.

बारा मोदकांसाठी तांदळाची पिठी १५० ग्रॅम, ओलं खोबरं १५० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम आणि उकडीत चमचाभर तूप घेऊ. पिठीच्या साधारण ५५०, खोबऱ्याच्या ५३०, गुळाच्या ३८० आणि तुपाच्या ४५ कॅलरी. एकूण दीड हजार, म्हणजे मोदकाला सुमारे १२५. त्यात कर्बोदकं २० ग्रॅम, स्निग्धांश ५ ग्रॅम आणि प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. स्निग्धांश जवळजवळ सगळा खोबऱ्याचा.

सारण आटताना पाणी उडतं, उकड पाणी पिते आणि वाफवताना वजन पुन्हा बदलतं, पण कॅलरी त्याच राहतात. म्हणून शिजलेल्या मोदकाचं वजन या हिशेबात धरायचं नाही. सारण उरलं, तर तेवढं वजा करा. कळ्या पाडताना पारी जाड राहिली, तर सारण हमखास उरतं आणि मोदकात पिठीचा वाटा वाढतो.

खरी चूक होते ती पानात. मोदक फोडून वर सोडलेलं चमचाभर तूप आणखी ४५ कॅलरी घालतं. तेव्हा हिशेब ठेवणाऱ्यांनी दोन मोदक तुपासह खाल्ले, तर अडीचशे नव्हे, ३४० लिहावेत.