जुना फोन देण्याआधी ऑथेंटिकेटर हलवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या सेलमध्ये नवा फोन घेताना पुण्यात बरेच जण जुना फोन एक्स्चेंजला देतात. ऑनलाइन घेतला, तर डिलिव्हरीला आलेला माणूस नवा फोन हातात ठेवतो, जुना तपासतो आणि घेऊन जातो. लक्ष्मी रोडच्या एखाद्या दुकानात घेतला, तर काउंटरवरचा मुलगा डेटा कॉपी करून देतो आणि जुना फोन तिथेच रिसेट करतो. दोन्ही ठिकाणी दोन्ही फोन एकाच वेळी आपल्या हातात असतात ते काही मिनिटंच. फोटो, कॉन्टॅक्ट आणि व्हॉट्सॲप यांची चौकशी सगळे करतात. दर अर्ध्या मिनिटाला सहा आकडी कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप मात्र आठवतं ते नव्या फोनवर पहिल्यांदा लॉगिन करताना, आणि तोवर जुना फोन गेलेला असतो.

हे टाळणं अवघड नाही. अडचण होते ती पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे, आणि क्रम चुकतो तो काही पक्क्या गैरसमजांमुळे.

गैरसमज : सिम नव्या फोनमध्ये टाकलं की कोडही तिकडे येतील

हा समज कुठून आला ते उघड आहे. बँकेचा ओटीपी सिमवर येतो. यूपीआय ॲपही सिमवरून मेसेज पाठवून नंबर तपासतं आणि मगच नव्या फोनवर सुरू होतं. ऑथेंटिकेटरचं तसं नाही. त्याचा मोबाइल नंबरशी काही संबंध नसतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, कोड बदलत राहतात.

पहिल्यांदा खातं जोडताना आपण वेबसाइटवरचा क्यूआर स्कॅन करतो. त्या क्यूआरमध्ये अक्षरं आणि आकड्यांचं एक लांब गुपित असतं. ते एकदाच वेबसाइटकडून फोनकडे येतं आणि दोन्हीकडे साठवलं जातं. त्यानंतर फोन ते गुपित आणि त्या क्षणाची वेळ यांतून हिशेब करून सहा आकडे काढतो, वेबसाइटही तोच हिशेब करते, आणि उत्तर जुळलं की दार उघडतं. या पद्धतीचं नाव टीओटीपी, आणि तिचं प्रमाण २०११ साली आरएफसी ६२३८ म्हणून प्रसिद्ध झालं. म्हणजे हलवायचं आहे ते हे गुपित. सिम कुठेही असलं तरी त्याला फरक पडत नाही.

गैरसमज : फोन टू फोन कॉपी केलं, आयकॉन दिसतोय, म्हणजे कोड आले

आयकॉन येतो, आत काही नसतं. ही फसगत सगळ्यात जास्त होते, कारण नव्या फोनवर ॲप नेहमीच्या जागी दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. नेहमीच्या कॉपीत ॲप पुन्हा इन्स्टॉल होतं, पण त्याच्या पोटातली गुपितं सोबत येतीलच असं नाही. दुकानात डेटा कॉपी झाल्यावर ऑथेंटिकेटर उघडून यादी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रिसेट करू देऊ नका.

गैरसमज : गुगलचं सिंक चालू आहे, मग काही करायला नको

गुगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ पासून कोड गुगल खात्यात सिंक करता येतात. सिंक चालू असेल तर नव्या फोनवर त्याच खात्याने ॲप उघडलं की यादी आपोआप भरते, आणि बहुतेकांसाठी ते पुरेसं असतं. पण आधी ते खरोखर चालू आहे का ते पाहा. ॲप उघडून वरच्या कोपऱ्यात कोणतं खातं लागलं आहे ते बघा. घरच्या आणि ऑफिसच्या अशा दोन खात्यांमध्ये गल्लत झालेली असते, किंवा पूर्वी कधीतरी खात्याशिवाय वापरायचा पर्याय निवडलेला असतो. तसं असेल तर कोड फक्त त्या एका फोनमध्ये आहेत.

दुसरी अडचण जास्त बारीक आहे. समजा तुमच्या गुगल खात्याचा दुसरा टप्पा म्हणजे याच ॲपमधला कोड. आता नव्या फोनवर कोड हवे असतील तर गुगल खातं उघडायला हवं, आणि गुगल खातं उघडायला कोड हवा. जुना फोन जवळ असेपर्यंत हे कोडं पडतच नाही. तो गेला की पडतं. म्हणून गुगलचे बॅकअप कोड आधी कागदावर घ्यायचे. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये `2-Step Verification` खाली `Backup codes` असतात. आठ आकडी दहा कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना संच बाद होतो, त्यामुळे पूर्वी लिहून ठेवलेला कागद सापडला तरी तो आत्ताचाच आहे ना, ते पाहा. आणि हे कोड त्याच फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट म्हणून ठेवले तर त्यांचा काही उपयोग नाही.

मग क्रम कसा?

एक उदाहरण धरून चालू. कोथरूडला राहणारी आणि खराडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी एक मुलगी. शनिवारी दुपारी नवा फोन येणार आहे. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये चौदा नोंदी आहेत: दोन गुगल खाती, गिटहब, शेअर ब्रोकर, इन्स्टाग्राम, बाकी किरकोळ. ऑफिसचं खातं मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर या वेगळ्या ॲपमध्ये.

शुक्रवारी संध्याकाळी तिने ॲप उघडून चौदाही नावं वहीत उतरवायची. मग लॅपटॉपवरून महत्त्वाच्या खात्यांचे बॅकअप कोड काढून घ्यायचे. सगळ्यांत आधी गुगल, मग गिटहब. गिटहबने तिथे सॉफ्टवेअरचा कोड टाकणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये दुहेरी पडताळणी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली, आणि रिकव्हरी कोड नसतील तर तिथलं खातं परत मिळेलच याची हमी कुणी देत नाही.

नवा फोन आला की पहिलं काम त्यावर गुगल खात्यात लॉगिन करण्याचं, कारण परवानगी द्यायला जुना फोन अजून शेजारी आहे. मग ऑथेंटिकेटर इन्स्टॉल करायचं. त्याच नावाची बरीच ॲप्स स्टोअरमध्ये आहेत, तेव्हा बनवणारा Google LLC आहे हे बघून घ्यायचं. सिंक चालू असेल तर यादी इथेच भरेल. नसेल तर जुन्या फोनवर मेन्यूत `Transfer accounts`, त्यात `Export accounts`. फोनचा पिन किंवा बोट मागेल. मग नोंदी निवडल्या की क्यूआर दिसेल. नव्या फोनवर `Transfer accounts`, `Import accounts` आणि स्कॅन.

इथे एक खाचखळगा आहे. एका क्यूआरमध्ये दहापर्यंतच नोंदी मावतात. तिच्या चौदा असल्यामुळे दोन क्यूआर होतील. पहिला स्कॅन झाला, दहा नावं दिसली, काम झालं असं वाटून लोक थांबतात. उरलेली चार जुन्या फोनसोबत जातात. वहीतली यादी त्यासाठीच: नव्या फोनवर चौदा मोजून व्हायला हवीत. या क्यूआरचा फोटो काढू नका आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका, त्यात सगळ्या खात्यांची गुपितं एकत्र असतात.

आता दोन्ही फोन शेजारी धरून एकेक नाव ताडून बघायचं. त्याच क्षणी दोन्हीकडे तेच सहा आकडे दिसले पाहिजेत. सगळेच वेगळे दिसत असतील तर एका फोनचं घड्याळ चुकलंय. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर टाका. एकच वेगळा असेल तर त्या खात्याची नोंद कधीतरी नव्याने केलेली आहे आणि जुनी नोंद तशीच पडून आहे. शेवटची परीक्षा लॅपटॉपवर: ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडून महत्त्वाच्या खात्यांत नव्या फोनवरचा कोड टाकून खरोखर आत जायचं. आकडे जुळले म्हणजे बहुतेक काम झालं, आत गेलात म्हणजे झालं.

गैरसमज : मायक्रोसॉफ्टचंही तसंच

मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये ऑफिसचं खातं बहुतेक वेळा कोडवर चालत नाही. स्क्रीनवर येणारा दोन आकडी नंबर फोनवर टाकून मान्यता द्यायची असते, आणि ती मान्यता त्या ठरावीक फोनशी बांधलेली असते. बॅकअपमधून नाव परत आलं तरी पुन्हा साइन-इन करायला सांगतं. शिवाय अँड्रॉइडवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. म्हणून जुन्या फोनने मान्यता देऊन लॅपटॉपवर `mysignins.microsoft.com` उघडायचं, `Security info` मध्ये नवा फोन जोडायचा, त्यावरून एकदा आत जाऊन बघायचं आणि मगच जुना काढायचा. काही कंपन्यांमध्ये हे फक्त आयटी हेल्पडेस्क करून देतं. शनिवारी तो बंद असेल, तर हे काम शुक्रवारी विचारून ठेवायला हवं.

गैरसमज : जुन्या फोनमधून ॲप काढलं की दुहेरी पडताळणी बंद होते

नाही. ॲपमधली नोंद पुसली तरी वेबसाइट कोड मागतच राहते, कारण तिच्याकडचं गुपित शाबूत आहे. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. एक्सपोर्ट म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली करून घेणं. जुना फोन तुम्ही पुसेपर्यंत तोही बरोबर कोड देत राहतो. त्यामुळे पुसणं आवश्यकच आहे, फक्त ते सगळ्यांत शेवटी. अँड्रॉइडवर आधी सेटिंगमधून गुगल खातं काढा, आयफोनवर `Find My` बंद करा, मग फॅक्टरी रिसेट. नाहीतर पुढच्या माणसाकडे फोन तुमचाच पासवर्ड मागत बसेल आणि दुकानदार तुम्हाला परत बोलावेल.

दारातच फोन द्यायचा असेल तर

वर सांगितलेलं सगळं निवांतपणे केलं तर तासभर सहज लागतो, आणि डिलिव्हरीवाला इतका वेळ थांबत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ऑफिसचं किंवा ट्रेडिंगचं खातं फोनवर असेल तर एक्स्चेंज निवडू नका. जुना फोन चार-आठ दिवस घरात ठेवून नंतर वेगळा विका. त्यात काही पैसे कमी मिळतील, पण विसरलेलं एखादं खातं त्या आठवड्यात आठवतं.

एक्स्चेंजच करायचं असेल तर आदल्या दिवशी घरातल्या पडून असलेल्या तिसऱ्या फोनवर नोंदी एक्सपोर्ट करून ठेवा आणि नवा आल्यावर तिथून पुढे न्या. घरातल्या कुणाच्या वापरातल्या फोनवर नेत असाल तर त्यांच्या ॲपमधलं सिंक आधी बघा, नाहीतर तुमची गुपितं त्यांच्या गुगल खात्यात जाऊन बसतील. आणि मायक्रोसॉफ्टची मान्यता अशी दुसरीकडून पुढे जात नाही. त्यासाठी `Security info` मध्ये तिसरा फोन आदल्या दिवशी स्वतंत्र जोडावा लागेल.

फोन आधीच गेला असेल तर आधी शोधायचे ते बॅकअप कोड, आणि ज्या लॅपटॉपवर अजून लॉगिन चालू आहे तो. तिथून लॉगआउट न करता सुरक्षा सेटिंग उघडायची आणि नवा ऑथेंटिकेटर जोडून बघायचा. काही ठिकाणी पुन्हा पासवर्ड विचारतील, काही ठिकाणी जुना कोडच मागतील. तेही जमलं नाही, तर प्रत्येक सेवेकडे वेगळा रिकव्हरी अर्ज करावा लागतो. गुगलच्या बाबतीत तो नेहमीच्या वायफायवरून आणि पूर्वी वापरलेल्या संगणकावरून भरला तर ओळख पटायला मदत होते, तरी उत्तर यायला काही दिवस लागू शकतात.